लाल पेशी मिठाच्या पाण्यात फुटत का नाही? डिफ्युजन, ऑस्मोसिस आणि सोडियम-पोटॅशियम पंप

प्रश्न: मॅडम, मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. डिफ्युजन, ऑस्मोसिस आणि सोडियम-पोटॅशियम पंप या तिन्हींच्या व्याख्या पाठ आहेत, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय ते कळत नाही. पंप 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो, इथपर्यंत ठीक. पण कशासाठी? सोप्या भाषेत सांगाल का?

उत्तर:

या तीन गोष्टी पुस्तकात तीन मथळ्यांखाली येतात म्हणून वेगळ्या वाटतात. पेशीत त्या एकाच वेळी चालू असतात आणि एकीचा परिणाम दुसरीला निस्तरावा लागतो. म्हणून तीन व्याख्यांऐवजी एकच पेशी घेऊ: लाल रक्तपेशी. तिला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, ती आकुंचन पावत नाही की संदेश पाठवत नाही. ग्लुकोज मोडून थोडंसं एटीपी बनवते आणि त्यातला बराच भाग पंपावर खर्च करते. इतकी साधी पेशीसुद्धा हा खर्च टाळू शकत नाही, यातच तुझ्या ‘कशासाठी’चं उत्तर आहे.

आधी डिफ्युजन. पाण्यातला प्रत्येक कण उष्णतेमुळे सतत धडपडत असतो, कुठल्याही ठरावीक दिशेने नाही. एका बाजूला कण जास्त असतील तर तिकडून इकडे येणाऱ्यांची संख्या इकडून तिकडे जाणाऱ्यांपेक्षा जास्त भरते, एवढंच. जास्तीकडून कमीकडे ‘जायचं’ हे कुठल्याही एका कणाला माहीत नसतं. व्हायव्हामध्ये ‘समतोल झाल्यावर डिफ्युजन थांबतं’ असं उत्तर हमखास ऐकू येतं. ते चूक आहे. ये-जा चालूच राहते, फक्त दोन्ही बाजूंची बरोबरी होते.

डिफ्युजनची दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंतर. लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ग्लुकोजपेक्षा लहान असा एखादा कण पाण्यात 10 मायक्रोमीटर सरकायला साधारण सेकंदाचा विसावा भाग घेतो. 1 मिलिमीटरला त्यालाच आठ-नऊ मिनिटं लागतात आणि 1 सेंटिमीटरला चौदा तासांच्या आसपास. पेशी सूक्ष्म असण्याचं आणि शरीरात कुठल्याही पेशीपासून केशवाहिनी फार लांब नसण्याचं एक मोठं कारण हेच. लाल पेशी तर मध्यभागी 1 मायक्रोमीटरच्या आसपास पातळ असते, त्यामुळे तिच्यात ऑक्सिजन शिरायला वेळ लागतच नाही.

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड पडद्याच्या स्निग्ध थरातून सहज पार होतात. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड हे विद्युतभारित कण पाण्याच्या रेणूंना धरून असतात, त्यांना तेलकट थरात शिरणं जवळजवळ अशक्य. त्यांना प्रथिनांनी बनलेली वाट लागते. अशा वाटा प्रत्येक पेशीत थोड्याफार असतातच आणि त्यातून आयन झिरपतात. हा ‘थोड्याफार’ शब्द लक्षात ठेव, पुढे सगळं त्यावरच उभं आहे.

आता ऑस्मोसिस. पाण्याला लाल पेशीत ये-जा करायला फारशी अडचण नाही. ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनाच्या वाटा तिच्या पडद्यात भरपूर आहेत. पीटर ॲग्र यांना हे प्रथिन सापडलं तेही लाल पेशींवर काम करतानाच, आणि 2003 मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विरघळलेले कण जिकडे जास्त, तिकडे पाणी जातं. कण कुठले आहेत याला इथे महत्त्व नाही, किती आहेत याला आहे. सोडियमचा एक आयन, युरियाचा एक रेणू आणि हिमोग्लोबिनचा एक अवाढव्य रेणू या हिशोबात ढोबळमानाने सारखेच.

प्लाझ्मातल्या अशा सगळ्या कणांची बेरीज लिटरला साधारण 290 मिलिऑस्मोल भरते. पेशीच्या आतही तेवढीच. शिरेतून देतो ते 0.9 टक्के सलाइन म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ. मिठाचं रेणुभार 58.5, म्हणजे 154 मिलिमोल. प्रत्येकाचे दोन आयन होतात, म्हणून 308. प्रत्यक्षात ते थोडं कमी भरतं, कारण द्रावणात आयन एकमेकांवर ओढ ठेवून असतात, आणि म्हणून ते प्लाझ्माशी जुळतं. या आकड्यांमागचा जोरही बघ. 1 मिलिऑस्मोलचा फरक म्हणजे शरीराच्या तापमानाला सुमारे 19 मिलिमीटर पाऱ्याचा दाब. पेशीत आणि बाहेर 10 मिलिऑस्मोलचा फरक टिकवून धरायचा तर पडद्याला 190 मिलिमीटरचा दाब सोसावा लागेल. लाल पेशीच्या पडद्याला इतका दाब सोसताच येत नाही. वनस्पतीच्या पेशीला भिंत असते, आपल्या पेशीला नाही. त्यामुळे फरक पडला की पाणी लगेच सरकतं आणि पेशी फुगते किंवा आक्रसते.

फुगून किती फुगेल, हे साध्या गणिताने काढता येतं. सीबीसीच्या रिपोर्टवर एमसीव्ही असतो तो म्हणजे एका लाल पेशीचं सरासरी आकारमान, धर 90 फेम्टोलिटर. त्यात पाणी सुमारे 65, उरलेले 25 मुख्यतः हिमोग्लोबिन. ही पेशी 0.45 टक्के सलाइनमध्ये टाकली. बाहेरच्या कणांचं प्रमाण निम्मं झालं, म्हणून आतलंही निम्मं होईपर्यंत पाणी आत येणार, म्हणजे 65 चं 130 होणार. त्यात 25 मिळवले की 155. दोन्ही बाजूंनी खोलगट असल्यामुळे लाल पेशीला फुगायला जागा असते, पण ती पूर्ण गोल झाली की पडदा आणखी ताणत नाही, आणि ही मर्यादा 150 च्या आसपास येते. म्हणजे 0.45 टक्क्याला पेशी फुटायला सुरुवात व्हायला हवी. ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटीच्या प्रॅक्टिकलमध्ये हेच दिसतं. निरोगी रक्तात फुटणं 0.45 ते 0.5 टक्क्यांच्या दरम्यान सुरू होतं आणि 0.3 ते 0.35 ला सगळ्या पेशी फुटलेल्या असतात. हेरिडिटरी स्फेरोसायटोसिसमध्ये पेशी आधीच गोलसर, म्हणून त्या आधी फुटतात. थॅलेसेमियात उलट, पातळ चपट्या पेशींना फुगायला जास्त वाव मिळतो, म्हणून उशिरा.

आता त्याच प्रॅक्टिकलच्या टेबलावर आणखी एक परीक्षानळी ठेव. तिच्यात सलाइनऐवजी 1.8 टक्के युरिया. युरियाचा रेणुभार 60, लिटरला 18 ग्रॅम म्हणजे 300 मिलिमोल आणि त्याचे तुकडे होत नाहीत, म्हणून 300 मिलिऑस्मोल. सलाइनइतकंच. व्याख्येप्रमाणे पेशीला काहीच व्हायला नको. रक्ताचा थेंब टाक आणि नळीमागे छापील कागद धर. सलाइनच्या नळीतून अक्षरं दिसणार नाहीत, कारण अखंड पेशी प्रकाश विखुरतात. युरियाच्या नळीतून काही सेकंदांत अक्षरं स्वच्छ वाचता येतील. पेशी फुटल्या, हिमोग्लोबिन बाहेर आलं, द्रावण लाल पण पारदर्शक झालं.

कारण युरिया बाहेर थांबला नाही. लाल पेशीच्या पडद्यात युरियासाठी स्वतंत्र वाहक प्रथिन आहे, त्यातून तो भराभर आत शिरला. आतले स्वतःचे 290 मिलिऑस्मोल होतेच, त्यात युरियाची भर पडली, मागोमाग पाणी आलं. पाण्याच्या दृष्टीने पेशी जणू शुद्ध पाण्यातच ठेवली होती. म्हणून बाटलीतली ऑस्मोलॅरिटी मोजून पेशीचं काय होईल ते सांगता येत नाही. बाहेर कोण टिकून राहतं हे बघावं लागतं, आणि त्यालाच टोनिसिटी म्हणतात. युरियाचं हे द्रावण आयसो-ऑस्मॉटिक आहे, पण आयसोटॉनिक नाही. 5 टक्के डेक्स्ट्रोजचंही असंच आहे. बाटलीत ते जवळपास प्लाझ्माइतकं असतं. शरीरात पेशी ग्लुकोज वापरून टाकतात, मागे उरतं ते पाणी.

आता खरा प्रश्न. मीठ युरियासारखं का वागत नाही? बहुतेक विद्यार्थी म्हणतात, सोडियमला पडदा पार करता येत नाही म्हणून. वर ‘थोड्याफार’ वाटांबद्दल म्हटलं ते इथे आठव. सोडियमला पडदा पार करता येतो, फक्त हळू. लाल पेशीत 37 अंशांना, लिटरभर पेशींचा हिशोब केला तर, तासाला साधारण 3 मिलिमोल सोडियम आत झिरपतं. प्लाझ्मात सोडियम 140, पेशीत 10 च्या आसपास, त्यामुळे डिफ्युजनचा ओघ सतत आतच. म्हणजे मिठाचं पाणीही शेवटी युरियाच्याच वाटेने जायला हवं, सेकंदांऐवजी दिवसांत.

त्यात हिमोग्लोबिनचा घोळ. ते पेशीतून बाहेर पडू शकत नाही आणि त्याच्यावर एकूण ऋण भार असतो. त्याच्या जोडीला सेंद्रिय फॉस्फेटं, तीही अडकलेली, तीही ऋण. या भारांना तोलून धरायला धन आयन आत हवेतच. पंप नसता तर पडद्यापलीकडे जाऊ शकणारे सगळे आयन आपापल्या परीने समतोल साधत राहिले असते, आणि आत अडकलेल्या या कणांमुळे आतली बेरीज कायम बाहेरपेक्षा जास्तच राहिली असती. डोनन परिणाम म्हणून जो धडा आहे तो हाच. पाणी येत राहणार, सोडियम-क्लोराइड येत राहणार, आणि भिंत नसलेल्या पेशीचा शेवट एकच. सोडियम सतत बाहेर काढत राहणं, हाच तिच्यापुढचा मार्ग.

मुंबईतल्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा विचार कर. पावसाळ्यात भिंतीतून पाणी झिरपतं, कोपऱ्यातल्या खड्ड्यात मोटर बसवलेली असते आणि ती अधूनमधून चालू होऊन पाणी बाहेर फेकते. फरशी कोरडी बघून कोणी म्हणेल की भिंत गळत नाही. वीज गेली की भिंतीची खरी अवस्था कळते. सोडियमच्या बाबतीत पडदा अभेद्य ‘दिसतो’ तो असाच, पंपामुळे. 0.9 टक्के सलाइन आयसोटॉनिक आहे, याचं श्रेय पडद्याबरोबर पंपालाही द्यावं लागतं.

हा पंप सापडला तो डेन्मार्कमध्ये. आर्हुस विद्यापीठात येन्स स्कोऊ किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतल्या नसा वाटून त्यातल्या एटीपी मोडणाऱ्या एन्झाइमचा अभ्यास करत होते. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतील तेव्हाच ते जोरात काम करतं असं त्यांना दिसलं. 1957 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि 40 वर्षांनी, 1997 मध्ये, रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. पंप आणि एन्झाइम या दोन वेगळ्या वस्तू नाहीत हा त्यातला मुद्दा. म्हणून त्याचं नाव सोडियम-पोटॅशियम एटीपेज.

त्याचं एक आवर्तन असं चालतं. प्रथिनाचं तोंड आतल्या बाजूला उघडं असताना त्यात 3 सोडियम बसतात. मग एटीपीचा एक फॉस्फेट प्रथिनातल्या एका ॲस्पार्टेटवर चिकटतो. त्याने प्रथिनाचा आकार बदलतो, आतलं तोंड मिटतं, बाहेरचं उघडतं. या नव्या आकारात सोडियमची पकड ढिली होते आणि पोटॅशियमची घट्ट होते. 3 सोडियम बाहेर पडतात, 2 पोटॅशियम येऊन बसतात. पोटॅशियम बसल्यावर फॉस्फेट सुटतो, नवा एटीपी येऊन टेकतो, तोंड पुन्हा आत उघडतं आणि पोटॅशियम आत सुटतं. दोन्ही तोंडं एकाच वेळी कधीच उघडी नसतात. नाहीतर तो पंप न राहता भोक झाला असता. लाल पेशीवर असे पंप जेमतेम काही शे असतात, पण प्रत्येक पंप सेकंदाला काही डझन आवर्तनं करतो, त्यामुळे ते पुरतात.

पंप किती वेगाने चालायचं हे मुख्यतः आतल्या सोडियमवर ठरतं. बाहेरच्या पोटॅशियमच्या जागा 4 मिलिमोललाच बऱ्याचशा भरलेल्या असतात, पण आतल्या सोडियमच्या जागा 10 मिलिमोलला बऱ्याच रिकाम्या. म्हणून सोडियम थोडं जास्त झिरपलं की पंप आपोआप वेग घेतो. वेगळ्या हुकमाची गरज नाही.

जाता जाता एक गैरसमज. पंप 3 भार बाहेर आणि 2 आत नेतो, म्हणून चेतापेशीचे उणे 70 मिलिव्होल्ट पंपच तयार करतो असं अनेक जण लिहितात. त्याचा थेट वाटा काही मिलिव्होल्टचाच. उरलेला व्होल्टेज पोटॅशियम आपल्या वाटांतून बाहेर झिरपल्याने बनतो. पंपाने आधी ते आत साठवून ठेवलेलं असतं, इतका त्याचा संबंध. हॉजकिन आणि कीन्स यांनी 1955 मध्ये मोठ्या चेतातंतूंत विष घालून पंप बंद पाडला, तरी ॲक्शन पोटेन्शियल बराच वेळ निघत राहिले. ‘पंप सोडियम बाहेर काढतो म्हणून रिपोलरायझेशन होतं’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नकोस.

आता पंप बंद पडला की काय होतं, ते एका रिपोर्टवरून बघू. असं धर की एका उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचं रक्त संध्याकाळी काढलं. प्रयोगशाळेची गाडी गेलेली होती, म्हणून नळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी तालुक्याला पाठवली. रिपोर्ट आला: पोटॅशियम 7.3, सोडियम 138, क्रिएटिनिन 0.9. पोटॅशियम 7.3 म्हणजे हृदय कधीही थांबेल अशी पातळी. माणूस मात्र ओट्यावर बसून चहा पितोय.

नळीत काय झालं? पंप हे एन्झाइम आहे, 4 अंशांना ते जवळपास थांबतं. गळती मंदावते, पण थांबत नाही. पोटॅशियम बाहेर झिरपत राहिलं आणि परत आत आणणारं कोणी नव्हतं. गणित कर. 100 मिलिलिटर रक्तात पेशी 45 मिलिलिटर, प्लाझ्मा 55. लिटरभर पेशींत पोटॅशियम सुमारे 100 मिलिमोल, म्हणजे 45 मिलिलिटरमध्ये 4.5. प्लाझ्मात लिटरला 4, म्हणजे 55 मिलिलिटरमध्ये 0.22. पेशींतलं फक्त 4 टक्के पोटॅशियम बाहेर आलं, म्हणजे 0.18 मिलिमोल, तर ते 55 मिलिलिटरमध्ये पसरून लिटरला 3.3 ने वाढतं. 4 चं 7.3. तेवढंच सोडियम आत गेलं म्हणून प्लाझ्मातलं सोडियम 141 वरून 138 च्या जवळ आलं, जे कुणाच्या लक्षातही येत नाही. पेशींना 4 टक्क्यांचं काही वाटत नाही. प्लाझ्मात पोटॅशियम मुळातच इतकं थोडं की त्याचा आकडा जवळपास दुप्पट होतो.

मग पेशी फुगून फुटल्या का नाहीत? कारण सोडियम आत आलं तसं पोटॅशियम बाहेर गेलं. कणांची बेरीज फारशी बदलली नाही, म्हणून पाणीही फारसं सरकलं नाही. पोटॅशियमचा हा साठा संपेपर्यंत पेशी तग धरते. रिपोर्ट वाचताना हे उपयोगी पडतं. रक्त काढताना पेशी फुटल्या असतील तर सीरम गुलाबी किंवा लाल दिसतं. फ्रिजमध्ये नुसती गळती झाली असेल तर पोटॅशियम वाढलेलं असूनही सीरम स्वच्छ पिवळसर. म्हणजे सीरम लाल नाही म्हणून रिपोर्ट खरा, असं धरून चालत नाही. उन्हाळ्यात कधी उलटंही होतं. नळी काही तास गरम जागी राहिली तर पंप जास्तच वेगाने चालतो आणि पोटॅशियम असतं त्यापेक्षा कमी दिसतं. आतलं ग्लुकोज संपेपर्यंत हे चालतं, मग ते चढायला लागतं.

अशा माणसाचा आधी ईसीजी काढायचा आणि ताजं रक्त लगेच तपासायला पाठवायचं. ईसीजी नॉर्मल आहे म्हणून गप्प बसायचं नाही, कारण खरं पोटॅशियम वाढलेलं असूनही ईसीजी कधी कधी साधा दिसतो. पण रिपोर्ट खोटा असताना उपचार सुरू करणंही धोक्याचं आहे. पोटॅशियम पटकन उतरवायला इन्सुलिन देतात (सोबत ग्लुकोज) किंवा साल्ब्युटामॉल. दोन्ही शेवटी याच पंपाला वेग देऊन प्लाझ्मातलं पोटॅशियम पेशींत ढकलतात. ज्याचं पोटॅशियम मुळात 4 आहे त्याला हे दिलं तर नसलेला आजार घालवताना खरा आजार उभा राहतो. नळी पाठवायला उशीर होणार असेल तर सेंट्रिफ्यूज करून सीरम पेशींपासून वेगळं करावं, मग ते फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. अख्खं रक्त मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये.

रक्तपेढीत तेच मुद्दाम करावं लागतं. पिशव्या 2 ते 6 अंशांना ठेवतात, कारण पेशींची चयापचय क्रिया मंदावली तरच ग्लुकोज पुरतं आणि जंतूंची वाढ रोखली जाते. एसएजीएम या पेशी टिकवणाऱ्या द्रावणात ठेवलेल्या पेशी 42 दिवस चालतात. मुदत संपत येते तेव्हा पिशवीतल्या द्रवाचं पोटॅशियम लिटरला 40 ते 50 मिलिमोलपर्यंत गेलेलं असतं. आकडा भीतिदायक आहे, पण द्रव थोडा असतो, म्हणून एका पिशवीतलं एकूण जादा पोटॅशियम 5-7 मिलिमोलच्या घरात राहतं. मोठ्या माणसाला सावकाश दिलेली एक पिशवी निभावते. शरीरात गेल्यावर पेशी उबदार होतात, ग्लुकोज मिळतं, पंप पुन्हा सुरू होतात आणि पेशी हळूहळू पोटॅशियम परत आत घेतात. नवजात बाळाला जास्त प्रमाणात किंवा अपघातातल्या माणसाला भराभर अनेक पिशव्या द्यायच्या असतील तेव्हा मात्र हेच पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. म्हणून बाळांसाठी ताजी पिशवी मागतात.

थंडीने थांबलेला पंप ऊब मिळाली की चालू होतो. विषाने थांबलेल्याचं तसं नाही. आपल्याकडे अंगणात, रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर असते, आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टीही. दोन्हींत डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या जातीची द्रव्यं असतात. ती पंपाच्या बाहेरच्या तोंडाशी बसून त्याला एका आकारात अडकवून टाकतात. औषधी मात्रेतलं डिजॉक्सिन हृदयाच्या थोड्याच पंपांना अडवतं. पेशीत सोडियम जरा वाढतं, त्यामुळे सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर नेणारा दुसरा वाहक मंदावतो, कॅल्शियम साठतं आणि आकुंचन जोरकस होतं. पोटॅशियम आणि डिजॉक्सिन एकमेकांना पंपावर बसण्यात अडथळा करतात, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलेल्या माणसाला नेहमीच्याच डोसची विषबाधा होऊ शकते.

अचानक मोठी विषबाधा झाली की चित्र उलटं दिसतं. साऱ्या शरीरातले पंप अडतात, पोटॅशियम पेशींतून झिरपत राहतं आणि प्लाझ्मात खरोखर वाढतं. कण्हेर खाल्लेल्या गुरांतही पंप असाच अडकतो. अशा रुग्णात सुरुवातीचं पोटॅशियम किती चढलं, यावरून किती पंप अडकले याचा अंदाज येतो, कित्येकदा रक्तातल्या औषधाच्या पातळीपेक्षाही चांगला. उतारा म्हणून डिजॉक्सिनविरोधी अँटिबॉडी देतात. ती द्रव्याला रक्तात धरून ठेवते, पंपावरचं द्रव्य सुटत जातं, पंप पुन्हा फिरू लागतात आणि पोटॅशियम आपोआप पेशींत परततं. त्यामुळे अँटिबॉडी दिल्यावर पुढचे काही तास दर थोड्या वेळाने पोटॅशियम मोजावं लागतं, कारण मोकळे झालेले पंप ते नॉर्मलच्याही खाली नेऊ शकतात.